व्हायव्हाची पीपीटी : प्रश्नांभोवती कशी बांधावी

एमएस्सी किंवा एमटेकच्या व्हायव्हाला दाखवायच्या पीपीटीचा साचा बहुतेक विभागांत ठरून गेलेला असतो. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, प्रस्तावना, साहित्याचा आढावा, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निकाल, निष्कर्ष, संदर्भ आणि शेवटी फुलांच्या चित्रावर ‘थँक यू’. सीनियरकडून ज्युनियरकडे ही फाइल पेनड्राइव्हवरून येते, तिच्यातले नाव आणि आकृत्या बदलतात, साचा तोच राहतो. तो येतो प्रबंधाच्या प्रकरणांवरून, आणि अडचण तिथेच आहे. प्रबंध वाचणारा माणूस चौथ्या प्रकरणात अडला की दुसऱ्या प्रकरणाकडे परत जाऊ शकतो. व्हायव्हाला बसलेल्या बाह्य परीक्षकांना तशी पाने उलटता येत नाहीत. त्यांना पद्धत आठव्या मिनिटाला दिसते, तिच्यातून आलेला आकडा पंधराव्या मिनिटाला, आणि त्या आकड्यावर किती विसंबायचे हे एकोणिसाव्या मिनिटाला, तेही वेळ उरला तर. बहुधा उरत नाही. साहित्याच्या आढाव्यात सात-आठ मिनिटे जातात, गाइड घड्याळाकडे बघू लागतात, आणि ज्या कामासाठी पदवी मिळणार ते काम ‘हे ग्राफ सर, रिपोर्टमध्ये आहेत’ एवढ्यावर आटोपते.

याला पर्याय म्हणजे पीपीटी प्रकरणांऐवजी संशोधनाच्या प्रश्नांभोवती बांधणे. प्रत्येक प्रश्नाला त्याची पद्धत, त्याचे उत्तर आणि त्या उत्तराची मर्यादा जोडलेली ठेवायची. हे कसे करायचे ते पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे मी समजुतीसाठी धरलेले आहेत, पण काम असे आहे की पर्यावरणशास्त्राच्या कुठल्याही विभागात ते होऊ शकेल.

समजा, पुण्यातली एक विद्यार्थिनी हवेतले पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, मोजणाऱ्या स्वस्त सेन्सरवर प्रबंध करते आहे. काही हजार रुपयांच्या या सेन्सरमध्ये एक छोटा पंखा हवा आत ओढतो, तिच्यावर लेझरचा झोत पडतो आणि कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून यंत्र कणांचे प्रमाण ठरवते. हवा दमट असली की कण पाणी शोषून फुगतात, फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, आणि सेन्सर प्रदूषण आहे त्याहून जास्त दाखवतो. लाखो रुपयांची प्रमाण यंत्रे हवा आधी थोडी तापवून कोरडी करतात आणि कण एका फितीवर गोळा करून त्यातून बीटा किरण किती अडतात ते मोजतात, म्हणून त्यांच्यावर दमटपणाचा परिणाम बराच कमी होतो. विद्यार्थिनीने तीन स्वस्त सेन्सर एका प्रमाण यंत्राशेजारी गच्चीवर ठेवले, नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर तासाच्या नोंदी घेतल्या आणि स्वस्त सेन्सरचे आकडे दुरुस्त करणारे एक सूत्र तयार केले.

आता तिची नेहमीच्या साच्यातली उद्दिष्टांची स्लाइड अशी असेल : ‘स्वस्त सेन्सरच्या कामगिरीचा अभ्यास करणे. हवामान घटकांच्या परिणामाचे विश्लेषण करणे. दुरुस्तीचे प्रारूप विकसित करणे.’ इंग्रजी पीपीटीत हेच ‘टू स्टडी’, ‘टू अ‍ॅनलाइज’, ‘टू डेव्हलप’ असे येते. या वाक्यांत खोटे काही नाही. पण ही उद्दिष्टे फसूच शकत नाहीत. अभ्यास करणे हे उद्दिष्ट अभ्यास केला की पुरे होते, मग त्यातून काहीही निघो. परीक्षकाला त्यावरून पुढे काय पाहायचे ते कळत नाही, आणि विद्यार्थिनीलाही कळत नाही की कोणती आकृती ठेवायची आणि कोणती गाळायची. त्यामुळे सगळ्याच ठेवल्या जातात.

तीच गोष्ट प्रश्न म्हणून लिहिली की तिचे रूप बदलते. पहिला प्रश्न : पुण्याच्या हिवाळ्यात स्वस्त सेन्सरचा तासाचा आकडा प्रमाण यंत्राच्या आकड्यापासून किती दूर असतो? दुसरा : तापमान आणि आर्द्रता वापरून केलेल्या दुरुस्तीने हे अंतर किती कमी होते? तिसरा : एका सेन्सरवरून काढलेले सूत्र दुसऱ्या सेन्सरला तसेच लावले तर चालते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत येतील. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते. एखाद्या वाक्याचे उत्तर ‘नाही’ येण्याची शक्यताच नसेल, किंवा किती हा आकडा त्यातून निघणार नसेल, तर तो प्रश्न झालेला नाही, नुसते उद्दिष्ट शेपटीला प्रश्नचिन्ह लावून बसले आहे, असे समजावे. विद्यापीठाचा नमुना उद्दिष्टांची स्लाइड मागत असेल तर ती ठेवावी, वाद घालण्यात अर्थ नाही. तिच्या लगेच खाली प्रश्न लिहावेत आणि पुढची सगळी पीपीटी प्रश्नांच्या क्रमाने न्यावी.

प्रश्न तीनच का? दोन किंवा चारही चालतील. पण वीस मिनिटांत प्रत्येक प्रश्नाला पद्धत, निकाल आणि मर्यादा यांसाठी मिळून चार-पाच मिनिटे लागतात, त्यामुळे पाचव्या प्रश्नाला जागाच नसते. प्रबंधात सहा प्रश्न असले तर पीपीटीत तीन घ्यावेत आणि उरलेल्यांचा उल्लेख एका ओळीत करून त्यांच्या स्लाइड शेवटी राखीव ठेवाव्यात.

प्रश्न ठरले की पहिल्यांदा करायची स्लाइड म्हणजे उत्तरांची, जी सादरीकरणात शेवटी येणार आहे. तीन रकाने : प्रश्न, उत्तर, हे उत्तर कुठपर्यंत खरे. विद्यार्थिनीने ती अशी लिहिली असे धरू. सेन्सर सरासरीने प्रत्यक्षाच्या दीडपट आकडा दाखवतो. दुरुस्तीनंतर तासाच्या आकड्यातली चूक ३१ वरून १४ मायक्रोग्रॅमवर येते. दुसऱ्या सेन्सरला तेच सूत्र लावले तर चूक १९ राहते, म्हणजे सूत्र चालते पण सुमारे सत्तर टक्के फायदा टिकतो, सगळा नाही. आणि तिसऱ्या रकान्यात : हे सगळे एका गच्चीवर, एका हिवाळ्यात, ८५ टक्क्यांहून कमी आर्द्रतेत. हे पान हाती आले की उरलेली पीपीटी करणे सोपे होते, कारण प्रत्येक स्लाइडला एकच कसोटी लावायची असते : या तक्त्यातल्या कुठल्या चौकटीसाठी ती लागते? एकाही चौकटीसाठी लागत नसेल तर ती राखीव स्लाइडमध्ये जाते. साहित्याच्या आढाव्यातली बहुतेक पाने इथेच गळतात. आढाव्यातून पीपीटीला हवे असते ते एवढेच, की आधीच्या अभ्यासांनी काय दाखवले आणि या प्रश्नापुरते काय राहून गेले. त्याला एक स्लाइड आणि दीड-दोन मिनिटे पुष्कळ होतात. वीस संदर्भांचा लेखक-वर्ष-निष्कर्ष असा तक्ता परीक्षकाने प्रबंधात पाहिलेला असतो. नसला पाहिलेला, तरी भिंतीवर तो वाचता येत नाही.

पद्धतीची स्लाइड ही सगळ्यात जास्त फसणारी स्लाइड आहे. नेहमी तिथे एक प्रवाह-आकृती असते : माहिती संकलन, तिच्यापुढे बाण, पूर्वप्रक्रिया, पुन्हा बाण, विश्लेषण, निष्कर्ष. ही आकृती जगातल्या कुठल्याही प्रबंधात चालेल, म्हणून ती या प्रबंधाबद्दल काहीच सांगत नाही. परीक्षकाला पद्धतीतून दोन गोष्टी हव्या असतात. आकडे कुठून आले, आणि निष्कर्षाला धोका पोचवू शकणारे निर्णय कोणते घेतले.

पहिल्या गोष्टीसाठी नोंदींचा हिशेब सरळ दाखवावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी १२० दिवस, म्हणजे २,८८० तास. वीज गेल्यामुळे आणि प्रमाण यंत्राच्या देखभालीमुळे ३१० तासांची नोंद नाही. स्वस्त सेन्सरचे आकडे उघड बिघडलेले म्हणून १५८ तास वगळले. उरले २,४१२. चार ओळींचा हा हिशेब पडद्यावर असला की ‘एवढा डेटा कमी का झाला?’ हा प्रश्न येत नाही, आला तरी तो ‘उघड बिघडलेले म्हणजे काय?’ अशा नेमक्या रूपात येतो, आणि त्याचा नियम विद्यार्थिनीला तोंडपाठ असतो. पुढच्या प्रत्येक आकृतीत किती तासांच्या नोंदी आहेत ते कोपऱ्यात लिहावे. २,४१२ ऐवजी कुठे २,१०० दिसले तर अनुभवी परीक्षक तिथेच थांबतो, आणि थांबायलाच हवे.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. विद्यार्थिनीच्या कामात निकाल ज्यावर उभा आहे असा एक निर्णय आहे : सूत्र कुठल्या नोंदींवरून बनवले आणि कुठल्या नोंदींवर तपासले. सोपा आणि सर्रास वापरला जाणारा मार्ग म्हणजे सगळे तास पिसून त्यातले ऐंशी टक्के सूत्र बनवायला आणि वीस टक्के तपासायला घेणे. सॉफ्टवेअरमध्ये हे एका ओळीत होते. पण हवेचे प्रदूषण तासागणिक एकदम बदलत नाही. सकाळी आठची हवा आणि नऊची हवा बरीचशी सारखी असते. आठचा तास सूत्र बनवताना वापरला आणि नऊचा तपासायला ठेवला, तर सूत्राची परीक्षा झालीच नाही, जवळजवळ तोच पेपर त्याने आधी पाहिलेला आहे. त्यामुळे चूक खोटी लहान दिसते. बरोबर मार्ग म्हणजे सलग कालखंड वेगळे ठेवणे. तीन महिन्यांवरून सूत्र बनवायचे, चौथ्या महिन्यावर तपासायचे, आणि असे प्रत्येक महिना आळीपाळीने बाहेर ठेवून करायचे.

आपल्या उदाहरणात तास पिसून तपासले तर चूक ९ मायक्रोग्रॅम येते आणि महिने वेगळे ठेवले तर १४. विद्यार्थिनीने पीपीटीत काय दाखवावे? माझ्या मते दोन्ही, आणि दुरुस्तीचा निकाल म्हणून १४. पद्धतीच्या स्लाइडवर चार महिन्यांच्या चार पट्ट्या काढाव्यात, एक रंगवलेली, तीन कोऱ्या, आणि खाली एक ओळ : ‘शेजारचे तास सारखे असतात, म्हणून तपासणी पूर्ण महिन्यावर.’ ही ओळ नसेल तर सांख्यिकी जाणणारा परीक्षक तिच्याबद्दल विचारणारच, आणि तोवर ९ हा आकडा पडद्यावर जाऊन आलेला असेल तर नंतरचे सगळे संशयात जाते. ९ वरून १४ वर येणे म्हणजे काम कमजोर झाल्यासारखे वाटते खरे. पण जानेवारीत बसवलेले सूत्र फेब्रुवारीत वापरणाऱ्याला १४ च्या आसपासचीच चूक मिळणार आहे.

पद्धत अशी प्रश्नागणिक सांगितली तर तिचे तुकडे निकालांच्या मध्ये येतात. नोंदींचा हिशेब सगळ्या प्रश्नांना सामाईक असल्याने तो आधी एकदाच. महिन्यांच्या पट्ट्या दुसऱ्या प्रश्नाच्या निकालाआधी. कुठल्या सेन्सरचे सूत्र कुठल्या सेन्सरला लावले याची छोटी आकृती तिसऱ्या प्रश्नाआधी. काही गाइडना हे आवडत नाही, त्यांना ‘मेथडॉलॉजी’ एका जागी हवी असते. तिथे तडजोड अशी की पद्धतीचा एकत्र नकाशा एका स्लाइडवर द्यायचा आणि त्यात प्रश्न एक, दोन, तीन असे आकडे घालायचे, म्हणजे पुढे निकालाच्या स्लाइडवर तोच आकडा दिसला की परीक्षकाला जोडणी आपोआप लागते.

आता निकाल. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले मायकेल अॅली बरीच वर्षे अभियंत्यांना सांगत आले आहेत की स्लाइडच्या मथळ्यात विषय लिहू नका, विधान लिहा, आणि खालच्या जागेत त्या विधानाचा पुरावा दाखवा, ठिपक्यांची यादी नको. व्हायव्हाच्या निकालांना हा नियम चपखल बसतो. ‘निकाल : सेन्सर क्र. १’ या मथळ्यातून काहीच कळत नाही. ‘आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की दुरुस्तीनंतरही चूक २२ मायक्रोग्रॅम राहते’ हे वाचून परीक्षक आकृतीत नेमके काय शोधायचे ते जाणतो. मथळा दोन ओळींचा झाला तरी हरकत नाही. असा मथळा लिहिता येत नसेल तर आकृतीत दाखवण्याजोगे काही आहे का, हाच प्रश्न आहे.

पहिल्या प्रश्नाची आकृती जरा जवळून पाहू, कारण इथे एक जुनी चूक दडलेली असते. आडव्या अक्षावर प्रमाण यंत्राचा आकडा, उभ्या अक्षावर स्वस्त सेन्सरचा, प्रत्येक तासाचा एक ठिपका. एक्सेल त्यातून एक रेषा काढून देते आणि शेजारी आर-स्क्वेअर लिहिते, समजा ०.८८. विद्यार्थी तो आकडा ठळक करतात आणि म्हणतात, सेन्सर ८८ टक्के अचूक आहे. हे साफ चूक आहे. आर-स्क्वेअर सांगतो की दोन्ही आकडे बरोबरीने चढतात-उतरतात का. सेन्सर प्रत्येक वेळी बरोबर दुप्पट आकडा दाखवत असेल तर आर-स्क्वेअर पूर्ण १ येईल, आणि तरीही सेन्सर शंभर टक्के जास्त दाखवत असेल. म्हणून पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला आर-स्क्वेअर पुरत नाही. त्याला सरासरी चूक हवी, आणि चुकीचा कल कुठल्या बाजूला आहे ते हवे.

आकृतीत ते दिसण्यासाठी दोन साध्या गोष्टी कराव्या लागतात. दोन्ही अक्षांचे माप सारखे ठेवायचे, दोन्ही शून्य ते २०० म्हणा, आणि आकृतीचा चौकोन खरोखर चौरस राहू द्यायचा. स्लाइडच्या रुंदीत बसवायला तो ताणायचा नाही. आणि ‘दोन्ही आकडे सारखे’ अशी तिरपी रेषा काढायची. मग ठिपक्यांचा थवा त्या रेषेच्या वर लटकलेला दिसतो, आणि दीडपट म्हणजे काय ते न सांगता कळते. ठिपक्यांना आर्द्रतेप्रमाणे रंग दिला, कोरड्या तासांना फिकट आणि दमट तासांना गडद, की वर लटकलेल्यांत गडद ठिपके जास्त दिसतात आणि दुसऱ्या प्रश्नाची वाट तयार होते. रंग निवडताना एवढेच पाहायचे की सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर जुना असतो आणि पडदे अर्धे उघडे असतात. पिवळा, फिकट हिरवा पडद्यावरून पार गायब होतात. लाल-हिरव्याची जोडी तर काही जणांना एकसारखीच दिसते. निळा आणि नारिंगी निभतात.

चुकीचा आकडा सांगताना त्याला एखादा आधार द्यावा लागतो, नाहीतर १४ हे जास्त की कमी ते कोणाला कळणार? भारतात पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तिच्या शेजारी १४ ठेवण्याचा मोह होतो. ठेवावे, पण जपून. १४ ही एका तासाच्या आकड्यातली चूक आहे आणि ६० ही दिवसाच्या सरासरीची मर्यादा. दिवसाची सरासरी काढताना काही चुका एकमेकींना खोडतात, एका बाजूला झुकलेली चूक मात्र खोडली जात नाही. तेव्हा दिवसाच्या सरासरीवरची चूक वेगळी मोजून तीच ६० शेजारी ठेवणे हे सरळ काम. हा मुद्दा स्लाइडवर एका ओळीचा आहे, पण पर्यावरणशास्त्राचा परीक्षक हमखास इथे बोट ठेवतो.

मर्यादांची स्लाइड हा आपल्याकडच्या पीपीटीतला सर्वांत उपेक्षित भाग. ती असलीच तर ‘वेळ आणि साधनांची मर्यादा, नमुन्यांची संख्या कमी’ अशी असते, आणि पुढच्याच स्लाइडवर ‘भविष्यातील वाव’ म्हणून त्याच गोष्टी आशेच्या सुरात येतात. वेळ कमी होता ही अडचण झाली. मर्यादा म्हणजे त्या अडचणीमुळे उत्तरातले कुठले विधान कुठे खोटे पडू शकते ते सांगणे.

हे चुकले तर काय होते याचे एक उदाहरण सुदैवाने व्हायव्हातले नाही आणि दुर्दैवाने फार मोठे आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान उडाले, तेव्हा सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असताना अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधला आणि तो पीपीटीतून नासाला सादर केला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा चाचण्यांची माहिती दिलासादायक असल्याचे सुचवत होता : चाचण्यांवर आधारलेला अंदाज सावध बाजूचा आहे, असा त्याचा सूर. त्याच स्लाइडच्या तळाशी, बारीक अक्षरांत, ठिपक्यांच्या उतरंडीत खाली, लिहिले होते की प्रत्यक्ष परिस्थिती चाचण्यांच्या कक्षेच्या बरीच बाहेर आहे : आदळलेल्या तुकड्याचे घनफळ १,९२० घन इंच, चाचणीतल्या तुकड्याचे ३. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडची चिरफाड केली, आणि अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाने आपल्या अहवालात तिची दखल घेतली. अपघाताची कारणे अनेक होती, एका स्लाइडवर तो ढकलता येणार नाही. पण ६४० पट ही मर्यादा लपवलेली नव्हती, ती स्लाइडवर होती. मथळा एक सांगत होता आणि तळाची ओळ दुसरेच.

विद्यार्थिनीच्या कामात याची जुळी बहीण सापडते. तिचे सूत्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तयार झाले. तेव्हा पुण्याची हवा कोरडी असते, पहाटेचे काही तास सोडले तर. ८५ टक्क्यांवरच्या आर्द्रतेचे तास तिच्या २,४१२ मध्ये थोडेच आहेत, आणि त्यांतही चूक २२ वर राहिली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तेवढी आर्द्रता दिवसचे दिवस टिकते. म्हणजे सूत्र पावसाळ्यात लावले तर ते बहुतांश आपल्या अनुभवाबाहेर चालेल. ही मर्यादा शेवटच्या स्लाइडवर ‘फक्त हिवाळ्याचा डेटा’ या तीन शब्दांत टाकण्याऐवजी दुसऱ्या प्रश्नाच्या निकालाच्या मथळ्यातच गेली पाहिजे : ‘दुरुस्तीने हिवाळ्यातली चूक ३१ वरून १४ वर येते.’ ‘हिवाळ्यातली’ हा एक शब्द मथळ्यात आला की परीक्षकाने पावसाळ्याबद्दल विचारले तरी तो हल्ला राहत नाही, पुढची चर्चा होते.

मग स्वतंत्र मर्यादांच्या स्लाइडवर काय उरते? सगळ्या उत्तरांना लागू असणाऱ्या दोन-तीन गोष्टी, आणि प्रत्येकीपुढे तिचा परिणाम कुठल्या दिशेने होईल ते. गच्ची एकच आणि रस्त्यापासून लांब, त्यामुळे ताज्या धुराचे बारीक कण नोंदींत कमी, म्हणून चौकात बसवलेल्या सेन्सरची चूक बहुधा याहून मोठी. तीन सेन्सर एकाच खरेदीतले, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचा १९ हा आकडा कदाचित जास्तच चांगला आहे, वेगवेगळ्या वेळी विकत घेतलेल्या सेन्सरमध्ये फरक मोठा असू शकतो. चार महिन्यांत सेन्सरचा पंखा आणि लेझर जुने होण्याचा परिणाम दिसत नाही, त्याबद्दल उत्तर नाहीच. दिशा सांगता येते तिथे सांगायची, येत नाही तिथे येत नाही म्हणायचे. इथे अतिनम्रपणाही टाळावा. आठ मर्यादांची यादी वाचून दाखवणारा विद्यार्थी खरी घातक मर्यादा कुठली हे आपल्यालाच ठाऊक नसल्याचे दाखवून देतो.

आकड्यांचा प्रबंध नसला तरी बांधणी हीच राहते. समाजशास्त्राचा विद्यार्थी बीडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलाखती घेऊन उचलीच्या व्यवहाराबद्दल लिहितो असे धरा. त्याच्या निकालाच्या स्लाइडवर आकृतीच्या जागी मुलाखतीतले दोन उतारे येतील, एक मुख्य मुद्द्याला धरून आणि एक त्याच्या उलटा जाणारा, आणि असे किती जण बोलले ते. पद्धतीत निर्णायक गोष्ट मुलाखतींच्या संख्येपेक्षा वेगळी आहे : कामगारांपर्यंत कोण घेऊन गेले? मुकादमाने ओळख करून दिली असेल आणि तो खोपीबाहेर उभा असेल, तर मुकादमाने दिलेल्या उचलीबद्दल कोयता, म्हणजे तोडीला गेलेले नवराबायको, मोकळे बोलणार नाहीत. ही मर्यादा ‘नमुना लहान’ या शब्दांत मावत नाही. ती त्याच उताऱ्यांच्या स्लाइडवर हवी, कारण परीक्षक तो उतारा वाचतानाच मनात म्हणत असतो, हा मुकादमासमोर बोलला की मागे?

वेळेचा हिशेब आता आपोआप बसतो. वीस मिनिटांतली दोन पार्श्वभूमीला, एक प्रश्नांना, तीन सामाईक पद्धतीला. मग तीन प्रश्नांना मिळून दहा, पण समान वाटून नव्हे. पहिल्याला अडीच, दुसऱ्याला साडेचार कारण महिन्यांच्या पट्ट्या तिथे समजवायच्या आहेत, तिसऱ्याला तीन. उरलेल्या चारांतले अडीच मर्यादांना आणि दीड उत्तरांच्या तक्त्याला. एकूण चौदा-पंधरा स्लाइड होतात. अनुक्रमणिकेची स्लाइड यात नाही, तिची गरज नाही, प्रश्नांची स्लाइडच तिचे काम करते. बाह्य परीक्षकांची गाडी उशिरा आली आणि ‘दहा मिनिटांत संपवा’ असे झाले, तर कापायचे काय हेही आधी ठरवून ठेवावे : पार्श्वभूमी आणि पहिला प्रश्न एकेका वाक्यात, दुसरा जसाच्या तसा, तिसऱ्याचे फक्त उत्तर. घाईत सगळ्याच स्लाइड भरभर पुढे ढकलणे हा सर्वांत वाईट मार्ग.

राखीव स्लाइड उत्तरांच्या तक्त्यानंतर ठेवायच्या, आणि सगळ्या स्लाइडना आकडे द्यायचे. परीक्षक ‘ती पट्ट्यांची स्लाइड परत दाखवा’ म्हणाले की वीस स्लाइड मागे बाण दाबत जाण्यापेक्षा पॉवरपॉइंटमध्ये आकडा टाइप करून एंटर दाबले की ती थेट उघडते. राखीवात काय असावे हे प्रश्नांवरूनच ठरते : बिघडलेले तास वगळण्याचा नियम, दिवसाच्या सरासरीवरची चूक, तास पिसून आलेला ९ हा आकडा कसा निघाला, प्रत्येक महिना वेगळा ठेवल्यावरचे चार आकडे, सूत्रातले गुणक. गाइडसमोर सराव करताना त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून ठेवला तर राखीवाची यादी जवळजवळ तयारच होते. मराठीत प्रबंध असेल तर आणखी एक काळजी. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमधला मजकूर विभागाच्या संगणकावर तो फाँट नसेल तर अगम्य अक्षरांत उघडतो. युनिकोडमध्ये टाइप करावे आणि फाइलची पीडीएफ प्रत बरोबर ठेवावी. ती नेहमी उघडते, फक्त अॅनिमेशन त्यात चालत नाही, म्हणून अॅनिमेशनवर अवलंबून असलेली एकही आकृती नको.

प्रश्नोत्तरे सुरू झाली की पडद्यावर कुठली स्लाइड राहते याकडे क्वचितच कोणी लक्ष देते. वीस मिनिटांच्या भाषणानंतर दहा-पंधरा मिनिटे, कधी त्याहून जास्त, समोर तीच एक स्लाइड असते. ती ‘थँक यू’ची असली तर परीक्षक आठवणीवर प्रश्न विचारतात, आणि आठवणीत राहते ती सुरुवातीची पार्श्वभूमी. ती तीन रकान्यांच्या तक्त्याची असली तर परीक्षकांची नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाते, आणि ते विचारतात, ‘हे १९ म्हणता, ते तिन्ही सेन्सरच्या सगळ्या जोड्यांचे सरासरी आहे, की एका जोडीचे?’ कुठल्याचे सूत्र कुठल्याला लावले हे धरले तर तीन सेन्सरच्या सहा जोड्या होतात, आणि सहा आकड्यांचा तो तक्ता राखीवातल्या १८ क्रमांकाच्या स्लाइडवर आहे.